मोका पॉट गळतोय किंवा कॉफी उडवतोय? दोष शोधण्याचा क्रम

इथे दिलेली माहिती ॲल्युमिनियमच्या, तीन कपांच्या, गॅसवर ठेवायच्या साध्या मोका पॉटसाठी आहे. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी 1933 मध्ये इटलीत बाजारात आणलेली रचनाच आजही जवळपास तशीच वापरात आहे, त्यामुळे कंपनी कोणतीही असली तरी तपासण्या याच राहतात. स्टीलच्या पॉटमध्ये आटे आणि काठ जास्त टिकतात, इतकाच काय तो फरक.

बोलताना गोंधळ नको म्हणून आधी भागांची नावं ठरवून घेऊ. खालचं भांडं म्हणजे पाणी भरायचं. त्याच्या अंगावर पितळी व्हॉल्व्ह असतो. त्यात बसतं ते फनेल, म्हणजे कॉफी भरायची वाटी आणि तिच्याखालची नळी. वरच्या भांड्याच्या बुडाशी खाचेत बसलेली रबराची किंवा सिलिकॉनची रिंग म्हणजे गॅस्केट, आणि त्या गॅस्केटच्या आत धरलेली गोल चकती म्हणजे वरची जाळी.

आधी लक्षण नीट पाहा

"गळतोय" या एका शब्दात चार वेगळे दोष लपलेले असतात. पुढच्या वेळी पॉट चढवाल तेव्हा झाकण उघडं ठेवा, ज्योत बारीक ठेवा, दोन हात लांब उभे राहा आणि काय होतंय ते बघा.

दोन्ही भांडी जिथे जुळतात त्या सांध्यातून तपकिरी थेंब ओघळत असतील किंवा फस्स आवाज करत वाफ येत असेल, तर गॅस्केट, काठ किंवा घट्टपणा यांत दोष आहे.

व्हॉल्व्हमधून वाफ किंवा पाणी येत असेल, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्ह आपलं काम करतोय आणि दोष वर कुठेतरी आहे.

कॉफी सुरुवातीपासूनच पिचकारीसारखी उडत असेल, तर ज्योत, कॉफीची पूड किंवा वरची जाळी यांकडे पाहायचं.

बाहेर एक थेंबही गळत नाही, पण वर कॉफी अर्धीच येते, मध्येच खदखदते आणि खाली बरंच पाणी उरतं, हा चौथा प्रकार. तो सगळ्यात जास्त फसवतो. इथे गळती पॉटच्या आतल्या आत होत असते.

शेवटची खदखद मात्र दोष नाही. खालच्या पाण्याची पातळी नळीच्या टोकाखाली गेली की नळीत पाण्याबरोबर वाफ शिरते, तेव्हा तो आवाज येतो आणि थोडे शिंतोडे उडतात. त्याच्या जरा आधी, धार फिकट पिवळसर झाली की पॉट उतरवायचा. नळीच्या टोकाखाली पाण्याचा पातळ थर उरणंही नेहमीचंच आहे. तीन कपांच्या पॉटमध्ये साधारण 150 मिलिलिटर पाणी भरतात. त्यातलं 40-50 मिलिलिटर खालीच राहिलं तर मात्र दाब कुठेतरी वाया जातोय. पॉट थंड झाल्यावर उरलेलं पाणी एकदा मापाच्या पेल्यात ओतून पाहा. हा आकडा पुढे कामाला येतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सुरुवात पाण्याच्या पातळीपासून करा. पाणी व्हॉल्व्हच्या खालच्या कडेपर्यंतच हवं. व्हॉल्व्ह पाण्याखाली गेला तर पाण्यावरची हवेची जागा कमी पडते, आणि जादा दाबाच्या वेळी व्हॉल्व्हमधून वाफेऐवजी उकळतं पाणी उडतं.

मग घट्टपणा. इथे चूक जोर कमी पडण्यात नसते, धरण्यात असते. बरेच जण दांडा धरून पिळतात. दांड्याचा तरफेसारखा उपयोग केला की भांडं तिरकं बसतं, एका बाजूचे आटे दाबले जातात, दुसरी बाजू सैल राहते, आणि एक दिवस दांड्याचा स्क्रू ढिला होतो तो वेगळाच. एका हाताने खालचं भांडं आणि दुसऱ्या हाताने वरच्या भांड्याचा अष्टकोनी भाग धरून पिळा. आटे बसवताना आधी उलट्या दिशेला पाव फेरा फिरवा. हलकीशी "टक" जाणवली की सुलट फिरवा, म्हणजे आटे आडवे चढत नाहीत. खाली गरम पाणी भरून सुरुवात करणाऱ्यांचा पॉट जास्त गळतो, कारण हात भाजू नये म्हणून ते नकळत सैल आवळतात. गरम पाणीच वापरायचं असेल तर खालचं भांडं जाड फडक्यात गुंडाळून धरा.

आवळूनही गळत असेल तर आणखी जोर लावू नका. पक्कड तर नकोच. आट्यांचं काम फक्त दोन भांडी एकमेकांवर दाबून धरायचं. वाफ अडवते ती गॅस्केट. नळाच्या जोडाला गुंडाळतात तशी पांढरी टेफ्लॉन टेप मोका पॉटच्या आट्यांवर गुंडाळून काही उपयोग नाही, याचं कारण हेच. उलट टेपमुळे आटे लवकर आवळल्यासारखे वाटतात आणि गॅस्केटवर पुरेसा दाब येतच नाही.

आता काठ. फनेलच्या काठावर सांडलेली कॉफी बोटाने पुसली नाही, तर तिचे कण गॅस्केट आणि काठ यांच्यामध्ये अडकतात. रबर कणांभोवती पूर्ण दबत नाही, आणि तेवढ्या फटीतून वाफ वाट काढते. प्रत्येक वेळी, आवळण्याआधी, कोरड्या बोटाने काठ पूर्ण गोल पुसायचा. गळणाऱ्या पॉटांपैकी बरेच एवढ्यानेच थांबतात, म्हणून नवीन गॅस्केट मागवण्याआधी दोन-तीन दिवस हे नेमाने करून बघा.

ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाता कामा नये. आपल्याकडच्या शेगडीचा छोटा बर्नरसुद्धा तीन कपांच्या पॉटला मोठाच पडतो. बाजूने वर चढणारी ज्योत दांडा जाळते, गॅस्केट कडक करते आणि पाणी इतक्या वेगाने वर ढकलते की ते कॉफीत नीट न मुरता फवाऱ्यासारखं उडतं. छोट्या बर्नरवर जाळीचा स्टँड आणि सिमपेक्षा किंचित वर ज्योत, एवढं पुरतं.

कॉफीची पूड: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

महाराष्ट्रात दुकानात सहज मिळणारी "फिल्टर कॉफी" ही दाक्षिणात्य पितळी फिल्टरसाठी दळलेली असते. त्या फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने थेंबथेंब खाली झिरपतं, घाई नसते. शिवाय त्या पुडीत बहुधा चिकोरी असते, 80:20 किंवा 70:30 अशा प्रमाणात. चिकोरी पाण्यात विरघळून दाट, चिकट होते. मोका पॉटमध्ये खालून दाबाने येणाऱ्या पाण्यासमोर हा थर चिखलासारखा बसतो, वाट बंद होते, खालचा दाब वाढत जातो, आणि मग तो दाब सांध्यातून किंवा व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. पॉटमध्ये दोष काहीच नसतो.

पूड चिमटीत धरून पाहा. मैद्यासारखी लागली तर ती मोकासाठी बारीक आहे. टेबलावरच्या बारीक मिठासारखी लागली पाहिजे, चिकोरीशिवायची. तीन कपांच्या वाटीत साधारण 15 ग्रॅम मावते. वाटी काठोकाठ भरा, वरून सुरीने सपाट करा, पण चमच्याने दाबू नका. एस्प्रेसो मशीनमध्ये पूड दाबतात, कारण तिथे पंप सुमारे 9 बार दाब देतो. मोका पॉट वाफेवर चालतो आणि त्याचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. अर्धीच वाटी भरली तर उलटा दोष येतो: पाणी पुडीत एक भोक पाडून थेट वर जातं आणि कॉफी पाणचट होऊन उडते. म्हणून कमी कॉफी हवी असेल तर छोटा पॉट घ्यावा, मोठ्यात कमी पूड घालू नये.

नुसत्या पाण्याची चाचणी

इथपर्यंत सगळं करूनही गळत असेल तर वाटी रिकामी ठेवा, खाली नेहमीइतकं पाणी भरा, पॉट आवळा आणि बारीक ज्योतीवर चढवा. पाणी वर येईपर्यंत सांध्याकडे पाहत राहा.

नुसत्या पाण्यावरही सांधा गळला तर दोष गॅस्केट, काठ किंवा आट्यांत आहे. खालच्या गॅस्केटच्या भागाकडे वळा. पाण्यावर गळत नाही आणि कॉफी घातल्यावरच गळतं, तर आधी पूड आणि वरची जाळी. फक्त एक लक्षात ठेवा: वाटीत कॉफी नसते तेव्हा पाण्याला अडथळा नसतो, त्यामुळे दाबही कमी असतो. गॅस्केट थोडीशीच थकली असेल तर ती या चाचणीतून सुटून जाते. म्हणजे ही चाचणी दोष सिद्ध करते, पण गॅस्केट निर्दोष असल्याची खात्री देत नाही.

वरची जाळी

पॉट गार झाल्यावर वरचं भांडं उलटं करा. गॅस्केटच्या आतल्या कडेखाली लाकडी सुरी किंवा बोथट चमच्याचं टोक घालून ती हळूच उचला. टोकदार सुरीने ॲल्युमिनियमच्या खाचेला ओरखडा पडला तर तोच पुढे गळतीची वाट होतो. गॅस्केट निघाली की जाळी सुटते. काढण्याआधी फोनवर एक फोटो काढा, म्हणजे जाळीची कोणती बाजू वर होती हे परत बसवताना शोधावं लागत नाही.

जाळी उजेडासमोर धरा. प्रत्येक भोकातून प्रकाश दिसला पाहिजे. कॉफीच्या तेलाचा काळा थर भोकं हळूहळू बुजवत आणतो, आणि पॉट वर्षभर धुतलेला असूनही जाळीची मागची बाजू कधीच धुतलेली नसते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे थेंब टाकून जाळी अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, न निघालेली भोकं सुईने मोकळी करा. वरच्या भांड्यातल्या उभ्या नळीतूनही पाणी ओतून ते सरळ खाली पडतंय ना बघा.

गॅस्केट, आणि गळती कुठे सरकते याची खूण

रोज वापरल्या जाणाऱ्या पॉटची रबरी गॅस्केट साधारण सहा महिने ते वर्षभर चालते, सिलिकॉनची थोडी जास्त. हातात घेऊन वाकवा. कडक झालेली, वाकवल्यावर बारीक चिरा दाखवणारी, पिवळी-तपकिरी पडलेली किंवा फनेलच्या काठाची खोल गोल खाच कायमची उमटलेली गॅस्केट बदलायची. मऊ असेल आणि खाच उथळ असेल तर धुऊन दुसरी बाजू खाली करून काही दिवस चालवता येते. तात्पुरताच उपाय आहे, पण नवीन येईपर्यंत चालतो.

नवीन घेताना "तीन कप" एवढंच सांगून घेऊ नका. दोन कंपन्यांच्या तीन कपांचं माप सारखं असेलच असं नाही. पट्टीने खाचेचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि खाचेची खोली मोजा. जुनी गॅस्केट मोजली तर फसाल, कारण ती दबून रुंद आणि पातळ झालेली असते. कुकरची रिंग कापून जोडू नका, जोडावरच गळते. खाच पुसून कोरडी करा, जाळी बसवा, मग गॅस्केट बोटाने चहूबाजूंनी दाबत जा. कुठेही फुगवटा राहता कामा नये. तेल लावायची गरज नसते. पहिल्यांदा पॉट नुसत्या पाण्यावर चालवून ते पाणी फेकून द्या, रबराचा वास निघून जातो.

नवीन गॅस्केट घालूनही एकाच जागी थेंब येत राहिला तर दुसरी गॅस्केट मागवण्याआधी हे करा. जिथून गळतं तिथे खालच्या भांड्यावर पेन्सिलने खूण करा. आता फनेल अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा चढवा. गळती समोरच्या बाजूला सरकली, तर दोष फनेलच्या काठात. सरकली नाही, तर पॉट गार करून गॅस्केट तिच्या खाचेत अर्धा फेरा फिरवा. आता सरकली, तर गॅस्केट खराब. तरीही खुणेवरच राहिली, तर खालच्या भांड्याचा काठ, वरची खाच किंवा आटे. तीन वेळा पाणी तापवण्याएवढ्या कष्टात नेमका भाग सापडतो.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. दीड वर्ष वापरलेला पॉट, गॅस्केट नुकतीच बदललेली, तरी दांड्याच्या डाव्या बाजूने थेंब. नुसत्या पाण्यावर कोरडा. पूड 80:20 ची, चमच्याने दाबलेली. चिकोरीशिवायची जाडसर पूड घेतल्यावर ओघळ थांबला, पण त्याच जागी बारीक फस्स राहिली, आणि खाली 40 मिलिलिटर पाणी उरलं. फनेल अर्धा फेरा फिरवला तर फस्स दांड्याच्या उजवीकडे गेली. फनेल काचेच्या टेबलावर उलटं ठेवून काठावर बोट दाबलं तर ते डुलतंय, आणि एका जागी काठाखाली कागद सहज सरकतोय. कारण रोजचंच: चोथा काढताना फनेल कचऱ्याच्या डब्याच्या काठावर आपटलं जातं आणि पातळ काठाला पोच पडते. सपाट लाकडावर ठेवून लाकडी बेलण्याच्या टोकाने तो भाग हळूहळू दाबत सरळ केला, काचेवर डुलणं थांबलं, आणि पुढच्या वेळी खाली पाण्याचा फक्त पातळ थर उरला. म्हणजे दोष दोन होते, आणि पुडीमुळे वाढलेल्या दाबाखाली काठाची पोच दिसत नव्हती. चोथा फुंकून किंवा चमच्याने काढा, आपटून नको.

बाहेर काही गळत नाही पण खाली पाणी उरतं, त्याचं उत्तरही बहुधा याच भागात असतं. गॅस्केटची आतली कड थकली किंवा फनेलचा काठ वाकला तर वाफ बाहेर न जाता फनेलच्या काठावरून आत वळते, पुडीला वळसा घालून थेट जाळीत शिरते, आणि पाणी ढकलायला दाब उरत नाही. दुसरं कारण म्हणजे नळी आणि वाटी जिथे जोडलेली असतात तिथली बारीक फट. नळीचं टोक बोटाने बंद करा, फनेलमध्ये पाणी भरा आणि सांध्याकडे पाहा. तिथून थेंब आला तर फनेल बदलायचं. ते सुटं मिळतं. चिकटवायचं नाही, अन्नाशी संबंध असलेला आणि तापणारा भाग आहे.

व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह शेवटी ठेवला तो त्याला कमी महत्त्व आहे म्हणून नव्हे. त्यातून वाफ येते तेव्हा तो सहसा दाखवत असतो की वर वाट बंद आहे. वर सांगितलेली पूड आणि जाळी सुधारल्यावर तो आपोआप गप्प होतो.

वाट मोकळी असतानाही, ज्योत बारीक असतानाही तो सतत झिरपत असेल तर आत क्षाराचा थर बसला असण्याची शक्यता मोठी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर हे लवकर होतं. पॉट गार असताना व्हॉल्व्हच्या मधल्या बारीक दांडीला आतून टूथपिकने हलकं दाबा. ती बाहेर सरकून परत आली पाहिजे. काही पॉटांत दांडी नसते, आत छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. तिथेही आतून टूथपिकने दाबून हालचाल पाहता येते. हालत नसेल तर 200 मिलिलिटर कोमट पाण्यात एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून, व्हॉल्व्ह बुडेल एवढं पाणी खालच्या भांड्यात अर्धा तास ठेवा, ओता, धुवा, पुन्हा दाबून बघा. रात्रभर ठेवू नका. आम्ल ॲल्युमिनियमलाही खातं.

पॉट शेगडीवर ठेवताना व्हॉल्व्हचं तोंड भिंतीकडे, माणसांपासून दूर ठेवायचं. गळायला लागला तर गॅस बंद करायचा आणि थांबायचं. गरम पॉट आवळायला किंवा उघडायला हात घालू नका. ओलं फडकं खालच्या भांड्याभोवती गुंडाळून थंड झाल्यावरच उघडा.

इथे थांबा

दोनदा भिजवूनही व्हॉल्व्ह हालत नाही. व्हॉल्व्ह जिथे भांड्यात बसवला आहे त्याच्या भोवतीने पाणी येतं. खालच्या भांड्याला चीर आहे किंवा बूड बाहेर फुगलंय. आटे इतके झिजलेत की आवळताना मध्येच घसरतात. यांपैकी काहीही असेल तर तो पॉट शेगडीवर चढवायचा नाही, एकदाही नाही.

व्हॉल्व्ह एम-सीलने बुजवणं, खिळा ठोकणं किंवा कुकर दुरुस्त करणाऱ्याकडून कुकरचा व्हॉल्व्ह बसवून घेणं हे घरात बंद डबा उकळत ठेवण्यासारखं आहे; कुकरचा व्हॉल्व्ह वेगळ्या दाबाला आणि वेगळ्या मापाचा असतो. ज्या कंपनीचा पॉट आहे तिच्या सेवा केंद्राकडे फोटो पाठवून व्हॉल्व्ह किंवा खालचं भांडं सुटं मिळतं का ते विचारा आणि व्हॉल्व्ह त्यांच्याकडूनच बसवून घ्या. मिळत नसेल, किंवा गॅस्केट, फनेल आणि भांडं मिळून खर्च नव्या पॉटाच्या अर्ध्याहून वर जात असेल, तर नवा घ्या. जुन्याची जाळी आणि फनेल चांगली असतील आणि माप जुळत असेल तर ती मात्र सुटे भाग म्हणून जपून ठेवा.